कानबाईच्या गाण्यावरून कान तयार करताना: स्वर ओळखणं, उतरवणं आणि वाचून गाणं

पेटीच्या क्लासला जाणारी बरीच मुलं अलंकार झरझर वाजवतात, परीक्षेची बंदिश बिनचूक म्हणतात. पण श्रावणात घरी कानबाई बसली, बायांनी रात्री गाणी धरली आणि कुणी म्हणालं, “ही चाल पेटीवर काढ बरं,” की त्यांची बोटं चाचपडायला लागतात. बोटांना पट्ट्या पाठ झालेल्या असतात, कानाला स्वर नाही. हा लेख त्या कानासाठी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या गावांत पेटी किंवा गाणं नुकतंच सुरू केलेल्यांनी तो वाचताना शेजारी फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप आणि जमलं तर एक पेटी ठेवावी.

कान तयार करायच्या तीन गोष्टी सांगितल्या जातात. दोन स्वरांतलं अंतर ओळखणं, ऐकलेली चाल स्वरलिपीत उतरवणं, आणि लिहिलेली स्वरलिपी पाहून पेटीच्या आधाराशिवाय गाणं. लोक या तिन्ही वेगवेगळ्या शिकतात. माझ्या मते ते चुकीचं आहे. तिन्ही एकाच कामाच्या बाजू आहेत, आणि ते काम म्हणजे कानात सा धरून ठेवणं. सा हलला की ओळखणंही चुकतं, लिहिणंही आणि वाचणंही. म्हणून इथे सगळं साभोवतीच बांधलं आहे.

आधी सा कानात बसवा

तुमच्या गळ्याला सोयीची पट्टी ठरवा. पुरुष साधारण काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात, बायका काळी चार किंवा काळी पाचमध्ये. अ‍ॅपवर हीच नावं C#, D#, G#, A# अशी दिसतात. तानपुरा पंचमाला लावा, म्हणजे त्यात प, सा, सा आणि खर्जाचा सा असे चार झंकार येतील. आवाज इतकाच ठेवा की तुमचा गळा त्याच्यावर ऐकू येईल.

आता फक्त सा लावा, श्वास संपेपर्यंत. तुमचा सा तानपुऱ्यात नीट मिसळला की तो वेगळा ऐकू येईनासा होतो. थोडा वर किंवा खाली असला की आवाजात एक थरथर ऐकू येते, जणू आवाज हळूहळू कमीजास्त होतोय. ही थरथर तुमची सगळ्यात मोठी शिक्षिका आहे. ती हळू होत होत थांबेपर्यंत गळा अगदी थोडा हलवत राहा. हे सामध्ये जमलं की पंचमात करा. पंचमही तानपुऱ्यात असल्यामुळे तिथेही तीच खूण मिळते.

एक अडचण गावातच कळते. घराजवळ डीपी असेल तर तिचा घूं आवाज सतत चालू असतो. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावे घेते आणि ट्रान्सफॉर्मरचा घूं त्याच्या दुप्पट, म्हणजे 100 हर्ट्‌झला येतो. हा स्वर पेटीच्या पांढरी पाचच्या जरा वर पडतो. तुमचा सा काळी चारला असेल तर तो त्याला अगदी चिकटून पण बेसूर असतो, आणि नकळत सा खाली ओढला जातो. डीपीच्या बाजूची खिडकी लावून घ्या किंवा सराव मागच्या खोलीत करा.

अंतर कुठून मोजायचं

स्वरांतर ओळखायला शिकताना पुष्कळ जण दोन स्वर ऐकतात आणि पहिल्यापासून दुसरा किती लांब आहे ते पाठ करतात. पेटीवर मोजलं तर सा ते प सात पट्ट्या, सा ते म पाच, सा ते शुद्ध ग चार आणि सा ते कोमल ग तीन. ही मापं खरी आहेत, पण गाण्यात ती तुम्हाला फसवतात. ग ते प हेही तीन पट्ट्यांचंच अंतर आहे. रे ते प पाच पट्ट्यांचं, म्हणजे सा ते म एवढंच. प ते तार सा तेही पाच. अंतर तेवढं ओळखलं आणि ते कुठून कुठवर आहे हे कळलं नाही, तर ग–प ऐकून तुम्ही सा–कोमल ग लिहून मोकळे व्हाल.

म्हणून सुरुवातीला प्रत्येक स्वराला एकच प्रश्न विचारा: तानपुऱ्याच्या साशी याचं नातं काय? मागच्या स्वराशी असलेलं नातं नंतर बघता येतं, मोठी उडी आली की.

सराव असा करा. तानपुरा चालू ठेवा, पाठ फिरवून बसा आणि घरातल्या कुणाला तरी पेटीवर एकेक स्वर वाजवायला सांगा. पहिल्या दिवशी तीनच स्वर घ्या: सा, ग, प. क्रम उलटसुलट हवा. सा-ग-प, सा-ग-प असाच वाजत राहिला तर तुम्ही ऐकत नाही, अंदाज बांधता. स्वर ऐकला की लगेच नाव घेऊ नका. आधी तो गळ्यातून काढा, मग त्याच्यावरून एकेक पायरी उतरत सावर या. ग ऐकला तर ग, रे, सा. दोन पायऱ्या उतरून सा आला, म्हणजे तो ग होता. दहापैकी नऊ बरोबर यायला लागले की मध्यम घाला, मग रे, मग नी, शेवटी ध. कोमल स्वर त्यानंतर.

काही आठवड्यांत हे उतरणं आपोआप मनातल्या मनात व्हायला लागतं आणि पुढे त्याची गरजच उरत नाही. ग ऐकला की तो ग म्हणूनच ऐकू येतो. आत्ता कुठवर आलोय हे तपासायची खूण हीच, की अजून उतरावं लागतंय का.

आणि दर तीन-चार दिवसांनी पट्टी बदला. पट्टी एकच राहिली तर कान प ओळखत नाही, काळी चारचा आवाज ओळखायला लागतो. दुसऱ्याच्या पेटीवर, दुसऱ्या पट्टीत बसलात की सगळं विसरल्यासारखं होतं.

सगळ्यात जास्त घोटाळा मध्यम, तीव्र मध्यम आणि पंचम यांत होतो. एका शाळकरी पोरीने मला सरळ सांगितलं, “दादा, माले तं दोन्ही सारखाच वाटतस.” तिचं बरोबरच होतं, कारण तिने ते दोन्ही मध्यम कधी पंचमाच्या शेजारी ठेवून ऐकलेच नव्हते. तीव्र मध्यम पंचमाच्या लगेच खाली असतो, एक पट्टी. तो ऐकला की गळ्याला वर पंचमावर जावंसं वाटतं. शुद्ध मध्यम तसा ओढत नाही. तो बहुतेक वेळा खाली गंधाराकडे सरकतो किंवा जागच्या जागी शांत बसतो. तेव्हा स्वर ऐकल्यावर पंचम लावा. अंतर एका पट्टीचं निघालं तर तीव्र, दोन पट्ट्यांचं निघालं तर शुद्ध.

गंधाराबद्दल एक गोष्ट नवख्याला गोंधळात टाकते. तानपुऱ्याचा खर्ज नीट लागला की त्यात एक बारीक गंधार आपोआप ऐकू येतो. त्याच्याशी जुळणारा गंधार गायलात आणि मग पेटीचा ग वाजवलात, तर पेटीचा थोडा चढा वाटेल. तुमचा कान चुकलेला नाही. पेटीचे बाराही स्वर समान अंतरावर लावलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंटनी वर असतो. पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांतलं अंतर 100 सेंट धरतात, त्यावरून फरक किती हे लक्षात येईल. ट्यूनरच्या अ‍ॅपवर गंधार जरा खाली दाखवला म्हणून गळा वर ढकलू नका.

चाल उतरवणं

इथे मी सविस्तर सांगणार आहे, कारण नवखे याच ठिकाणी सोडून देतात.

घरातल्या कानबाईच्या गाण्याचं रेकॉर्डिंग घ्या. गाणाऱ्या मावशीला, आजीला विचारून घ्या. त्यांना आवडतं, आणि निवांतपणी एकट्याने गायलेली एखादी ओळ सरावाला गर्दीतल्या रेकॉर्डिंगपेक्षा कितीतरी चांगली. संबळ किंवा ढोलकी मोठ्याने वाजत असेल तर सुरुवातीला ते रेकॉर्डिंग नको. वाजवायचं अ‍ॅप असं निवडा, ज्यात वेग 0.75 किंवा 0.5 केला तरी पट्टी बदलत नाही.

पहिल्यांदा ऐकताना काही लिहू नका. फक्त टाळी द्या आणि ओळीत किती मात्रा आहेत ते मोजा. दुसऱ्यांदा ऐकताना सा शोधा. ओळ संपते तिथे किंवा गाणं शांत होतं तिथे बहुतेक वेळा सा असतो. तो गुणगुणा, पेटीवर सापडवा आणि तानपुरा त्या पट्टीत लावा. आता रेकॉर्डिंग तानपुऱ्यावर ऐका. सा बरोबर असेल तर सगळं एका जागी बसतं. नसेल तर ओळभर काहीतरी खटकत राहतं.

तिसऱ्यांदा ओळ पूर्ण ऐका, थांबवा, आणि ‘आ’कारात गाऊन बघा. हे सोडू नका. गाता आली नाही तर लिहिता येणार नाही, आणि अडचण स्वर ओळखण्याची नाही, लक्षात राहण्याची आहे. तेव्हा अर्धी ओळ घ्या. गाता येतेय पण स्वरांची नावं येत नाहीत, तर मागच्या भागातला सराव वाढवा. नावं बरोबर आहेत पण लिहिलेलं गाण्यासारखं वाटत नाही, तर मात्रा चुकल्या आहेत. या तीन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. म्हणून चूक झाली की आधी ती कोणती ते पाहा.

गाता आल्यावर आधी ओळीचा पहिला आणि शेवटचा स्वर लिहा. मग टाळीवर पडणारे स्वर. मधली जागा शेवटी भरा. डावीकडून उजवीकडे एकेक स्वर लिहीत गेलात तर तिसऱ्या स्वरावर अडकता आणि पुढची सगळी ओळ हातची जाते.

आता एक उदाहरण पूर्ण करून बघू. चाल सरावासाठी बांधलेली आहे, दोन ओळींची, प्रत्येक ओळ केरव्याच्या आठ मात्रांची. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ आणि मंद्र सप्तकाच्या स्वराखाली टिंब असतं; आडवी छोटी रेघ म्हणजे मागचा स्वर लांबवायचा. एका मुलाने पहिल्या प्रयत्नात ही चाल अशी लिहिली:

सा रे ग॒ ग॒ | रे ग॒ सा –

सा रे सा ऩी॒ | ध़ सा ऩी॒ –

ऐकायला वाटतं, छान उतरवली. स्वरांची आपापसांतली अंतरं एकूण एक बरोबर आहेत. पेटीवर वाजवली तर चाल ओळखू येते. तरीही हे चुकलं आहे, आणि ते कळायच्या दोन खुणा या लिहिण्यातच आहेत. पहिली खूण म्हणजे चाल मंद्र कोमल निषादावर संपते. शेवटच्या ओळीनंतर बाया थांबतात, श्वास घेतात, पुढचं कडवं धरतात. अशी शांत जागा कोमल नीवर असणं शक्य असलं तरी संशय घ्यायला हवा. दुसरी खूण तानपुऱ्यावर कळते. त्याने मानलेल्या सावर तानपुरा लावून रेकॉर्डिंग ऐकलं तर पूर्ण चाल अधांतरी राहते, बसत नाही.

काय झालं ते सरळ आहे. गाणं ज्या स्वरावर सुरू झालं त्यालाच त्याने सा धरलं. नवखे हे नेहमी करतात, कारण अलंकार सापासून सुरू होतात. ओवी आणि कानबाईची गाणी तशी सुरू व्हायलाच हवीत असं नाही. आता शेवटच्या स्वराला सा धरा. गाणाऱ्या बाईचा तो स्वर काळी चारला आला असं समजू. तानपुरा G# ला लावा आणि पुन्हा ऐका. पहिला स्वर गा आणि उतरा: एकाच पायरीत सा आला. म्हणजे सुरुवात रेवर आहे. पहिल्या ओळीतला सगळ्यात उंच स्वर गा आणि उतरा: ग, रे, सा. तीन पायऱ्या, म्हणजे मध्यम. मग शुद्ध की तीव्र? पंचम लावून बघा, अंतर दोन पट्ट्यांचं निघतं, म्हणजे शुद्ध. दुसऱ्या ओळीत चाल सापेक्षा खाली एकदाच जाते, आणि तो स्वर साच्या लगेच खाली, एका पट्टीवर आहे, म्हणजे शुद्ध निषाद. आता पूर्ण ओळी अशा होतात:

रे ग म म | ग म रे –

रे ग रे सा | ऩी रे सा –

एकही कोमल स्वर उरला नाही. अंतरं तीच आहेत, कारण रे-ग-म आणि सा-रे-कोमल ग यांच्यात पट्ट्या सारख्याच पडतात: आधी दोन, मग एक. फरक आहे तो फक्त साच्या जागेचा, आणि त्या एका फरकाने काफीसारखी दिसणारी चाल बिलावलच्या स्वरांत आली. पेटीवर पडताळा घ्यायचा असेल तर काळी चार सा, काळी पाच रे, त्यापुढची पांढरी एक ग, काळी एक म, आणि साखालची पांढरी पाच मंद्र नी.

शेवटच्या स्वराचा नियमही डोळे झाकून वापरू नका. काही लोकगीतांची ओळ रेवर किंवा गवर थांबते आणि पुढच्या कडव्यासाठी तिथूनच उचलली जाते. शेवटचा निर्णय तानपुऱ्यावरच घ्या. संशय असेल तर दोन्ही सा लावून पाहा आणि ज्याच्यावर पूर्ण गाणं, एक ओळ नव्हे, बसतं तो ठेवा.

लिहिलेलं वाचून गाणं

आता तीच वही दुसऱ्या दिवशी उघडा. चाल कानातून जरा उतरलेली असते, म्हणून एक दिवस जाऊ द्यायचा. तानपुरा लावा, सा आणि प गाऊन घ्या, पेटी बंद ठेवा. ओळ आधी डोळ्यांनी वाचा: सर्वांत उंच स्वर कुठे, सर्वांत खाली कुठे, उडी कुठे आहे. मग टाळी देत फक्त स्वरांची नावं बोला, सुराशिवाय. मात्रा जमल्या की अगदी हळू सुरात गा.

पेटीवर बोट ठेवून त्याच्यावर गाऊ नका. सोपं जातं, पण मग वाचतंय कोण तर पेटी. ओळ पूर्ण गाऊन झाल्यावर शेवटचा स्वर तेवढा पेटीवर वाजवून पडताळा. जुळला नाही तर ओळ परत सुरू करा आणि या वेळी प्रत्येक टाळीच्या स्वरावर थांबून तपासा. सा कुठे सुटला ते सापडतं.

वरच्या चालीत अवघड जागा एकच आहे, मंद्र नीवरून रेवर जाणं. मधे सा आहे, पण तो लिहिलेला नाही, आणि बहुतेक गळे रे खाली लावतात. अशा उडीसाठी सोडलेला स्वर मनातल्या मनात गा: नी, (सा), रे. आधी तो सा हळू आवाजात गा, मग ओठ हलवून, मग नुसता मनात. सा ते प, सा ते ध अशा लांब उड्याही याच रीतीने बसतात. मधल्या पायऱ्या हळूहळू गाळत जायच्या.

दुसऱ्याने लिहिलेली स्वरलिपी वाचायला घेतली की खरी परीक्षा होते, कारण ती चाल तुम्ही कधी ऐकलेली नसते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका परीक्षांसाठी असलेली सरगमगीतं यासाठी चांगली आहेत. मित्राच्या वहीतली ओळ घ्या, त्याला तुमची द्या, गाऊन एकमेकांची चूक पकडा. दोघांनी एकच रेकॉर्डिंग वेगवेगळं उतरवलं आणि मग वह्या अदलाबदल केल्या, तर कुणाचा सा कुठे हलला ते दोन मिनिटांत दिसतं.

रोज किती वेळ

वीस मिनिटं पुरेत, पण रोज. पहिली पाच मिनिटं सा आणि प, थरथर थांबेपर्यंत. पुढची पाच पाठ फिरवून स्वर ओळखण्याची. मग दहा मिनिटांत एकच ओळ: ऐकणं, गाणं, लिहिणं, किंवा कालची ओळ वाचून गाणं. कान थकला की सा खाली येऊ लागतो आणि ते तुम्हाला कळत नाही. म्हणून तासभर ताणू नका. शेवटी तानपुरा बंद करून सा गा, अर्धा मिनिट थांबा, परत सुरू करून बघा. सा तिथेच सापडला तर तो कानात बसायला लागलाय.

पुढे काय अडतं

रात्रभर चालणाऱ्या गाण्याचं पूर्ण रेकॉर्डिंग उतरवायला घेतलं की वेगळी गोष्ट दिसते. साथीला पेटी नसेल तर बायांचा सा कडव्यागणिक सरकतो. कुणाचा चढत जातो, कुणाचा उतरतो. चौथ्या कडव्यात तानपुरा जुळेनासा झाला तर तुमच्या कानाला दोष देऊ नका. त्या कडव्यापुरता तानपुरा अर्धी पट्टी हलवा आणि पुढे चला. अ‍ॅपमध्ये पट्टी थोडी-थोडी सरकवायची सोय असते, ती इथे कामी येते. स्वरलिपी मात्र एकच राहते, कारण ती साच्या नात्याने लिहिली आहे.

दुसरी अडचण घसटीची. मावशी मवरून रेवर येताना मधे कुठेही थांबत नाहीत, आवाज घसरत येतो, आणि तुम्ही मधले स्वर शोधत बसता. असे स्वर लिहू नका. जिथून निघाल्या तो स्वर, जिथे पोचल्या तो स्वर, आणि वर मींडेची कमान. वाचून गाताना ती कमान तुमच्या गळ्यात मावशीसारखी यायला त्यांच्याजवळ बसूनच ऐकावं लागेल. नागपंचमीनंतरच्या रविवारी रात्री जिथे गाणी चालतात तिथे वही घेऊन जा, पण लिहू नका. आधी त्यांच्यासोबत गा, वही दुसऱ्या दिवशी उघडा.